डीसीआयएस: दूधनलिकेतच थांबलेला कॅन्सर आणि जादा उपचारांचा वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'डक्टल कार्सिनोमा इन सिटू', म्हणजेच डीसीआयएस, असं लिहिलंय. मला कॅन्सर आहे की नाही?

डॉक्टरांमध्येही यावर एकमत नाही. पेशी मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशींसारख्याच दिसतात, म्हणून नावात 'कार्सिनोमा' आहे. पण त्या जिथे तयार झाल्या त्या दूधनलिकेच्या आतच आहेत, म्हणून याला शून्य अवस्था म्हणतात. आज या अवस्थेत त्या काखेत, हाडांत किंवा फुप्फुसात जाऊ शकत नाहीत. पुढे जातील का, हे मात्र प्रत्येक बाईच्या बाबतीत वेगळं असतं आणि आज ते कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. सगळा वाद या अनिश्चिततेतूनच आला आहे.

एक गोष्ट मात्र नक्की: ही तातडीची परिस्थिती नाही. 'उद्याच ॲडमिट व्हा' असं कोणी सांगत असेल तर थांबून कारण विचारा. काही आठवडे घेऊन स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, नीट मॅमोग्राफी करून घेतली, घरात विचार केला, तर नुकसान होत नाही.

'नॉन-इन्व्हेजिव्ह' म्हणजे नेमकं काय? पसरलेलं नाही हे पॅथॉलॉजिस्टला कसं कळतं?

दुधाच्या नळीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्याच्या बाहेर मायोएपिथेलियल पेशींचा एक पातळ थर असतो आणि त्याच्याही बाहेर एक पडदा, बेसमेंट मेंब्रेन. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या या पडद्याच्या पलीकडे असतात. डीसीआयएसमध्ये बिघडलेल्या पेशी नळी भरून टाकतात, फुगवतात, कधी नळीतून दूरवर पसरतात, पण पडदा ओलांडत नाहीत. त्यामुळे शरीरात इतरत्र जायचा रस्ताच त्यांना मिळत नाही. तो ओलांडला की 'इन्व्हेजिव्ह' म्हणतात. ओलांडलेला भाग १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर 'मायक्रोइन्व्हेजन'.

पॅथॉलॉजिस्ट त्या बाहेरच्या थरावर नजर ठेवतो. शंका आली तर पी-६३ सारख्या मार्करने तो थर रंगवून पाहतात. नळीभोवती रंगाची कड दिसली तर पेशी अजून आत आहेत.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी आपल्याकडे फार वेळा चुकते. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, सुट्या पेशी मिळतात. नळीची भिंत मिळत नाही. त्यामुळे एफएनएसीवरून 'इन सिटू' की 'इन्व्हेजिव्ह' हे सांगताच येत नाही. तुमच्याकडे फक्त एफएनएसीचा रिपोर्ट असेल तर आधी जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी करून घ्या. त्याआधी ऑपरेशन ठरवू नये.

हाताला गाठ लागत नाही, दुखतही नाही. मग मॅमोग्राफीत काय दिसलं?

बहुतेक वेळा कॅल्शियमचे बारीक कण. नळीत कोंडलेल्या पेशी मरतात आणि त्या जागी कॅल्शियम साठतं. एक्स-रेत हे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. नळीच्या रेषेत लागलेले, वेगवेगळ्या आकारांचे, तुटक फांदीसारखे ठिपके असतील तर संशय वाढतो आणि रिपोर्टमध्ये बाय-रॅड्स, म्हणजे संशयाची पातळी सांगणारा आकडा, ४ किंवा ५ येतो. गोल, सारखे, दोन्ही स्तनांत विखुरलेले कण बहुधा निरुपद्रवी असतात.

सोनोग्राफीत हे कण बऱ्याचदा दिसत नाहीत. म्हणून बायोप्सी मॅमोग्राफीच्या मदतीने, स्टिरिओटॅक्टिक पद्धतीने करावी लागते, शक्यतो व्हॅक्यूमच्या जाड सुईने. तुकडे काढल्यावर त्यांचाच एक्स-रे घेऊन कण खरंच आले का ते पाहतात. नाही आले तर बायोप्सी 'नॉर्मल' आली तरी तिला अर्थ नाही. शेवटी त्या जागी धातूची एक बारीक क्लिप ठेवतात, कारण सगळे कण बायोप्सीतच निघून गेले तर पुढे सर्जनला जागा सापडणार नाही. क्लिप ठेवली आहे का, हे विचारून घ्या.

भारतात इतक्या कमी जणींना हे निदान का होतं?

जिथे ठरावीक वयापासून सरसकट मॅमोग्राफी होते तिथे, उदाहरणार्थ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, स्क्रीनिंगमध्ये सापडणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पाचवा हिस्सा डीसीआयएस असतो. आपल्याकडे अशी योजना नाही. सरकारी कार्यक्रमात हाताने तपासणी होते. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८पासून दीड लाख स्त्रियांवर जो मोठा अभ्यास केला, तोही प्रशिक्षित आरोग्य सेविकांच्या हाताने केलेल्या तपासणीचा होता. हाताला कॅल्शियमचे कण लागत नाहीत.

याचा परिणाम असा की आपल्याकडे डीसीआयएस सापडलेल्या अनेक जणी गाठ, निपलमधून रक्तासारखा स्राव किंवा निपलवर न भरणारा खरुजेसारखा चट्टा घेऊन आलेल्या असतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या 'वाट पाहूया' अभ्यासांची चर्चा आहे ते लक्षणं नसलेल्या, मॅमोग्राफीत सापडलेल्या सौम्य डीसीआयएसबद्दल आहेत. हाताला लागणारी गाठ असेल तर त्यांचे आकडे तुम्हाला लागू करू नयेत.

रिपोर्टमध्ये नेमकं काय शोधायचं?

पहिलं ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात. ग्रेड १ म्हणजे कमी ग्रेडच्या पेशी संथ असतात. ३ म्हणजे हाय ग्रेड पेशी लवकर आणि जास्त वेळा पुढे जातात. दुसरं, 'कोमेडो नेक्रोसिस' हा शब्द, म्हणजे नळीच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचा साठा. तो असेल तर धोका वरच्या बाजूला. तिसरं, ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. तो पॉझिटिव्ह असेल तरच हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न येतो. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी येतात: पसरलेल्या भागाचा आकार आणि मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडेपासून सगळ्यात जवळची बिघडलेली नळी किती मिलिमीटरवर आहे.

ग्रेडबद्दल पॅथॉलॉजिस्टमध्ये मतभेद होतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सी वाचायला दिल्या होत्या. डीसीआयएस असलेल्या स्लाइडवर त्यांचं मत तज्ज्ञांच्या समितीशी ८४ टक्के वेळा जुळलं. त्याच्या अलीकडची पायरी असलेल्या 'एटिपिया'वर मात्र जेमतेम निम्म्या वेळा. म्हणजे कमी ग्रेड डीसीआयएस आणि एटिपिया यांच्या सीमेवर रिपोर्ट खरंच बदलू शकतो, आणि त्याबरोबर ऑपरेशनचा निर्णयही. दुसरं मत घ्यायचं तर कागदी रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. स्तनाचं काम रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे ते वाचायला द्या.

बायोप्सीत फक्त डीसीआयएस आहे. तेवढंच असेल ना?

दर वेळी नाही. सुईने काही तुकडेच येतात. बायोप्सीत निव्वळ डीसीआयएस असलेल्या साधारण चारांपैकी एका बाईच्या ऑपरेशनच्या नमुन्यात इन्व्हेजिव्ह भागही सापडतो. गाठ हाताला लागत असेल, ग्रेड ३ असेल, भाग मोठा असेल किंवा तुकडे पातळ सुईने घेतले असतील तर ही शक्यता वाढते. ऑपरेशनला विरोध करणाऱ्यांनाही हा आकडा टाळता येत नाही.

नॉन-इन्व्हेजिव्ह आहे, तर सगळा स्तन काढायला का सांगतात?

स्वभावाने सौम्य आणि आकाराने लहान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीसीआयएस नळीतून लांबवर पसरू शकतो, दोन-तीन कोपऱ्यांत असू शकतो, आणि कॅल्शियमचे कण तर बऱ्याचदा खऱ्या पसाऱ्याच्या एका भागातच दिसतात. लहान स्तनात मोठा पसारा असेल तर तेवढा भाग काढून स्तन वाचत नाही. म्हणूनच काही जणींना पहिल्या टप्प्याच्या इन्व्हेजिव्ह कॅन्सरसाठी लहान ऑपरेशन पुरतं आणि डीसीआयएससाठी मात्र स्तन काढावा लागतो. ऐकायला विचित्र, पण खरं आहे.

पसारा लहान असेल तर फक्त भाग काढणं पुरतं. हाताला काही लागत नसल्यामुळे ऑपरेशनच्या आधी मॅमोग्राफीत पाहून त्या जागी बारीक तार घालतात, सर्जन तारेच्या मार्गाने जातो आणि काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे घेतात. तुकड्याच्या बाजू ओळखता याव्यात म्हणून त्याला वेगवेगळ्या लांबीचे टाके घालून पाठवतात. मार्जिन २ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पुरेसं मानतात. ०.५ मिलिमीटर आलं तर त्या बाजूने पुन्हा थोडा भाग काढावा लागू शकतो. पण ती बाजू कातडीकडची किंवा छातीच्या स्नायूकडची असेल आणि तिथे काढायला स्तनाचा भाग उरलाच नसेल, तर अट्टहास करण्यात अर्थ नसतो. हे सर्जनला थेट विचारावं. रेडिएशन सुरू होण्यापूर्वी पुन्हा एक मॅमोग्राफी करून कण मागे राहिले नाहीत ना, हे पाहणंही चांगलं.

काखेतल्या गाठी काढाव्या लागतात का? केमो?

केमो नाही. फक्त भाग काढला जात असेल तर काखेला सहसा हात लावत नाहीत. संपूर्ण स्तन काढणार असतील तर सेंटिनल नोड, म्हणजे पहिल्या एक-दोन गाठी, काढून तपासतात. कारण नंतर नमुन्यात इन्व्हेजिव्ह भाग निघाला, तर स्तन नसताना ही तपासणी नीट करता येत नाही. काखेतल्या सगळ्या गाठी काढायचा सल्ला निव्वळ डीसीआयएससाठी कोणी देत असेल तर दुसरं मत घ्या. हात सुजण्याचा त्रास आयुष्यभर राहू शकतो.

भाग काढल्यावर रेडिएशन घ्यायलाच हवं का?

एक उदाहरण धरून चालू. ५६ वर्षांची बाई, पाळी बंद झालेली, लक्षण काही नाही. मॅमोग्राफीत कण, बायोप्सीत ग्रेड १, ईआर पॉझिटिव्ह. ऑपरेशनमध्ये १६ मिलिमीटरचा भाग निघाला, नेक्रोसिस नाही, सगळ्यात जवळचं मार्जिन ४ मिलिमीटर.

जुन्या चार मोठ्या चाचण्या एकत्र केल्या तर, सगळ्या प्रकारचे डीसीआयएस धरून, १० वर्षांत त्याच स्तनात पुन्हा काही होण्याचं प्रमाण रेडिएशन न घेणाऱ्यांत २८ टक्के होतं आणि घेणाऱ्यांत १३ टक्के. यातले साधारण निम्मे इन्व्हेजिव्ह. फरक मोठा आहे. पण आपल्या उदाहरणातली बाई या सरासरीत बसत नाही. तिच्यासारख्यांसाठी वेगळी चाचणी झाली: २.५ सेंटिमीटरपर्यंतचा भाग, ग्रेड १ किंवा २, मार्जिन किमान ३ मिलिमीटर. त्यात १५ वर्षांनी रेडिएशनशिवाय १०० पैकी १५ जणींना त्या स्तनात पुन्हा झालं, रेडिएशन घेऊन ७ जणींना. म्हणजे ८ जणींचा फायदा व्हावा म्हणून ९२ जणी अशा रेडिएशन घेतात की ज्यांना १५ वर्षांत त्याने फरक पडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेडिएशनने स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाल्याचं त्या चार चाचण्यांत दिसलं नाही. स्तनात पुन्हा होणं टळतं, हा फायदा खराच आहे. दुसरं ऑपरेशन कोणाला हवं असतं? पण 'घेतलं नाही तर जीव जाईल' असं सांगून रेडिएशन देणं बरोबर नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईने न घेण्याचा निर्णय घेतला तर तो बेजबाबदार नाही. तिचं वय ४२ असतं, ग्रेड ३ असता किंवा मार्जिन १ मिलिमीटर असतं, तर मात्र आम्ही घ्या असंच म्हणू.

हल्ली रेडिएशन साधारण तीन आठवड्यांत, १५ वेळा देऊन पूर्ण होतं. पाच-सहा आठवडे रोज यावं लागेल असं सांगितलं तर कमी दिवसांचा पर्याय का नाही, हे विचारा.

आणि पाच वर्षांच्या गोळ्या?

टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाच वर्षं. फक्त ईआर पॉझिटिव्ह असेल तर, आणि दोन्ही स्तन काढले नसतील तर. दोन्ही स्तनांत नव्याने होण्याचा धोका कमी होतो. किंमत म्हणून गरम वाफा, पायात रक्ताच्या गुठळ्या, आणि पाळी गेलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा थोडा वाढलेला धोका. पाळी गेल्यानंतर अनॅस्ट्रोझोलचाही पर्याय असतो, पण त्याने हाडं ठिसूळ होतात. इटलीत ५०० स्त्रियांवर फक्त ५ मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन तीन वर्षं देऊन पाहिलं, आणि पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण निम्मं झालं. २० मिलिग्रॅम सोसत नसेल तर गोळी बंद करण्याआधी हा पर्याय डॉक्टरांपुढे मांडा. गोळी स्वतःच मोडून घ्यायला लागू नका.

'जादा उपचार' हा वाद नेमका कशावरून आहे?

मॅमोग्राफी सुरू होण्याआधी डीसीआयएस क्वचित सापडायचा. आता एकट्या अमेरिकेत दर वर्षी ५० हजारांहून जास्त निदानं होतात आणि जवळजवळ प्रत्येकीवर ऑपरेशन होतं. हे सगळे पुढे कॅन्सर होणारे असते, तर ते काढून टाकल्यावर इन्व्हेजिव्ह कॅन्सरची संख्या तितकीच खाली यायला हवी होती. ती तशी आली नाही. २०१५ साली संशोधक स्टीव्हन नॅरॉड यांनी एक लाख आठ हजार अमेरिकन स्त्रियांची नोंद तपासली: डीसीआयएसनंतर २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने ३.३ टक्के जणी गेल्या, आणि रेडिएशन घेतल्याने त्या आकड्यात फरक पडला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जन लॉरा एसरमन तर बऱ्याच वर्षांपासून म्हणतात की सौम्य प्रकारांच्या नावातून 'कार्सिनोमा' काढूनच टाका.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही कच्चे नाहीत. नॅशव्हिलमध्ये २८ स्त्रियांच्या जुन्या बायोप्सी चुकून निरुपद्रवी म्हणून वाचल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात तो कमी ग्रेडचा डीसीआयएस होता आणि बायोप्सीपलीकडे उपचार झाले नव्हते. त्यातल्या ११ जणींना पुढे त्याच स्तनात, त्याच भागात इन्व्हेजिव्ह कॅन्सर झाला, काहींना तब्बल तीन-चार दशकांनी. ब्रिटनमधल्या स्क्रीनिंगच्या नोंदींवरून निघालं की स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्या दर तीन डीसीआयएसमागे पुढच्या तीन वर्षांत एक इन्व्हेजिव्ह कॅन्सर कमी होतो.

दोन्ही बाजू एकत्र वाचल्या तर चित्र बरंच स्पष्ट होतं. हाय ग्रेड डीसीआयएसवर उपचार हवेत, यावर फारसा वाद उरत नाही. वाद आहे तो कमी ग्रेडचा, लक्षणं नसलेला, पाळी गेलेल्या किंवा वय झालेल्या स्त्रीत सापडलेल्या डीसीआयएसबद्दल. ७८ वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या आजींच्या ग्रेड १ डीसीआयएसला तीस वर्षांनी काय होईल, याची चिंता करून त्यांना भूल द्यायची का?

ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याचे अभ्यास झाले आहेत का?

तीन देशांत सुरू झाले. ब्रिटनमधला लॉरिस पुरेशा स्त्रिया न मिळाल्याने २०२० साली बंद झाला. नेदरलँड्समधल्या लॉर्डमध्ये चिठ्ठी टाकून गट ठरवायला बायका तयार होईनात, म्हणून पुढे तिथे आपापली निवड करू दिली. अमेरिकेतला कॉमेट मात्र पार पडला. निकाल डिसेंबर २०२४मध्ये आले. ४० वर्षांवरच्या ९५७ स्त्रिया, ग्रेड १ किंवा २, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह. दोन वर्षांत त्या स्तनात इन्व्हेजिव्ह कॅन्सर सापडण्याचं प्रमाण: ऑपरेशनच्या गटात ५.९ टक्के, लक्ष ठेवण्याच्या गटात ४.२ टक्के.

हा आकडा वाचून 'ऑपरेशनने कॅन्सर वाढतो' असा अर्थ काढू नका. ऑपरेशनच्या गटात आधीपासून दडलेला इन्व्हेजिव्ह भाग नमुना तपासताना सापडला आणि मोजला गेला. शिवाय त्या गटातल्या साधारण निम्म्या जणींनीच प्रत्यक्षात ऑपरेशन करून घेतलं, आणि दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त जणी हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेत होत्या. शिवाय नॅशव्हिलचा अनुभव दशकांचा आहे. त्यापुढे दोन वर्षं म्हणजे काहीच नाहीत. या अभ्यासाने सिद्ध झालं ते इतकंच, की नीट निवडलेल्या स्त्रियांनी थोडं थांबून पाहिलं तर लगेच आभाळ कोसळत नाही.

मग मी ऑपरेशन न करता लक्ष ठेवू शकते का?

अजून तो नेहमीचा उपचार नाही, पण काही जणींसाठी चर्चेचा पर्याय नक्की आहे. अटी कडक हव्यात. लक्षण नको, गाठ नको. व्हॅक्यूम बायोप्सीत पुरेसे तुकडे, दोन पॅथॉलॉजिस्टनी मान्य केलेला ग्रेड १ किंवा २, ईआर पॉझिटिव्ह. मॅमोग्राफी दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच सेंटरमध्ये, जुन्या सीडीशी ताडून. नवीन गाठ दिसली किंवा कण वाढले की पुन्हा बायोप्सी, आणि मग ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही.

आपल्याकडे हे कुठे फसतं तेही सांगतो. पहिली मॅमोग्राफी एका शहरात, दुसरी दुसरीकडे, सीडी हरवलेली, आणि तिसऱ्या वेळी 'आता काही नाही ना, मग कशाला' म्हणून गेलंच नाही. असं होणार असेल तर लक्ष ठेवणं हे नुसतं नावापुरतं. त्यापेक्षा छोटं ऑपरेशन करून मोकळं होणं बरं.

दुसरा, चांगला स्तनही आत्ताच काढून टाकू का?

स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकात दोष सापडला असेल तर तो वेगळा विषय. नसेल तर दुसरा स्तन काढल्याने आयुष्य वाढल्याचं दिसत नाही.

विम्याचे पैसे मिळतील का?

साध्या मेडिक्लेममधून बायोप्सी, ऑपरेशन, रेडिएशनचा खर्च सहसा पॉलिसीच्या नियमांप्रमाणे मिळतो. गडबड होते ती क्रिटिकल इलनेस पॉलिसीत, जिथे निदान होताच ठरलेली रक्कम एकदम मिळते. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या कॅन्सरच्या प्रमाणित व्याख्येत 'कार्सिनोमा इन सिटू' स्पष्टपणे वगळलेला आहे. त्यामुळे रिपोर्टवर फक्त डीसीआयएस असेल तर हा दावा नाकारला जातो, आणि तो नियमाने नाकारलेला असतो. काही कॅन्सर पॉलिसींत मात्र सुरुवातीच्या अवस्थेसाठी विम्याच्या रकमेचा काही भाग देण्याचं कलम असतं. पॉलिसीच्या कागदात 'इन सिटू' हा शब्द शोधा. ऑपरेशनच्या अंतिम रिपोर्टमध्ये इन्व्हेजिव्ह भाग निघाला तर चित्र बदलतं, तेव्हा बायोप्सीच्या रिपोर्टवर दावा करण्याची घाई न करता अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट हातात आल्यावर करा.